‘म्हणे’ : ऐकीव माहितीची खूण की शंकेची?

शब्दवेडी : काही भाषांमध्ये ‘ही गोष्ट तुला कशी कळली’ हे क्रियापदातच सांगावं लागतं, असं वाचलं. पाहिलं असेल तर एक प्रत्यय, कुणाकडून ऐकलं असेल तर दुसरा. याला एव्हिडेन्शिअ‍ॅलिटी म्हणतात. मला वाटतं आपला ‘म्हणे’ अगदी हेच काम करतो. मैत्रीण म्हणते, छे, ‘म्हणे’ म्हणजे निव्वळ शंका, बोलणाऱ्याचा विश्वास नाही एवढंच त्यातून कळतं. कोणाचं बरोबर?

पारिजात : मैत्रिणीचं बरोबर. ‘तो अभ्यास करतोय’ आणि ‘तो म्हणे अभ्यास करतोय’ ही दोन वाक्यं शेजारी ठेवून वाचा. दुसऱ्यात बोलणाऱ्याला ते पटलेलं नाही, हे लहान मूलही सांगेल. स्रोतच सांगायचा असता तर ‘त्याची आई सांगत होती’ असं सरळ म्हणता येतं. ‘म्हणे’ आपण खास काढतो तो अविश्वास दाखवायलाच.

सरळसोट : पुराव्याचा प्रश्न असेल तर ऐकीव साक्ष कोर्टात सहसा चालत नाही. ‘म्हणे’वाली साक्ष कोण ग्राह्य धरेल?

शब्दवेडी : @सरळसोट, कोर्टाचा प्रश्न नाही हो. रोजच्या बोलण्यातलं व्याकरण विचारतेय.

केतकी_ब : मी पारिजातच्या बाजूने, आणि ते मला महागात पडलंय. आमच्या टीममधला एक जण दोन दिवस आला नाही. वरिष्ठांनी ग्रुपवर विचारलं, कुठे आहे तो? मी लिहिलं, ‘तो म्हणे आजारी आहे.’ मला एवढंच सांगायचं होतं की मी त्याच्याशी बोलले नाही, दुसऱ्याकडून कळलंय. संध्याकाळी त्याचा फोन आला, ‘मी खोटं बोलतोय असं तू सगळ्यांसमोर का लिहिलंस?’ तो खरोखर तापाने फणफणला होता. मी कितीदा समजावलं, पण त्याच्या मनातून ते गेलं नाही. तेव्हापासून लेखी मजकुरात मी ‘म्हणे’ वापरतच नाही. समोरच्याला शंकाच ऐकू येते.

मुक्काम_पोस्ट : आणि मग ‘तुका म्हणे’चं काय? तिथे कुणाची शंका आहे?

गवाक्ष : @मुक्काम_पोस्ट, ‘तुका म्हणे’मधला ‘म्हणे’ हे साधं क्रियापद आहे. त्याला कर्ता आहे, तुका. इथे चर्चा आहे ती कर्ता हरवून बसलेल्या ‘म्हणे’ची. हा फरक दिसला की पुढचं सोपं होतं, म्हणून आधी तोच बघू.

‘शेजारचे म्हणे काल रात्रीच घर सोडून गेले.’ इथे ‘म्हणे’ क्रियापद असतं आणि ‘शेजारचे’ त्याचा कर्ता असता, तर अनेकवचनात ‘म्हणत’ व्हायला हवं होतं. ‘शेजारचे म्हणत, आम्ही जातो’ असं. पण आपण तसं करत नाही. लिंग, वचन, पुरुष काहीही बदला, ‘म्हणे’ जागचा हलत नाही. त्याला नकारही लावता येत नाही. ‘तो म्हणे येणार नाही’ यातला ‘नाही’ येण्याला लागतो, म्हणण्याला कधीच नाही. म्हणजे जुन्या क्रियापदाचं एक रूप गोठलं आणि वाक्याला चिकटणारी खूण होऊन बसलं. जगात ऐकीव माहितीच्या कितीतरी खुणा अशाच ‘म्हणणे’ या अर्थाच्या क्रियापदापासून झाल्या आहेत.

आता शंकेचं. मी म्हणालो, ‘ती म्हणे नोकरी सोडतेय.’ तुम्ही म्हणालात, ‘खोटं आहे.’ तुम्ही काय खोडलंत? तिचं नोकरी सोडणं. मी ते कुणाकडून ऐकलं, हे तुम्ही खोडलेलं नाही. याउलट मी ‘मी ऐकलं की ती नोकरी सोडतेय’ म्हणालो असतो, तर ‘तू कुठे ऐकलंस, तू तर गावालाच होतास’ असं माझं ऐकणंच खोडता आलं असतं. ‘म्हणे’ने सांगितलेला स्रोत वादात ओढता येत नाही. तो मूळ विधानाच्या बाजूला उभा असतो. व्याकरणातल्या स्रोतखुणा पुष्कळदा अशाच वागतात, आणि म्हणून मी शब्दवेडींच्या बाजूचा.

पारिजात : ठीक, तो गोठलेला आहे हे मान्य. पण गोठलेली शंका का नसावी? माझ्या पहिल्या उदाहरणाचं उत्तर यात आलेलं नाही.

गवाक्ष : रास्त. मग हे वाक्य घ्या : ‘मी म्हणे लहानपणी झोपेत चालायचो.’ यात शंका कुठे आहे? मला ते पूर्ण पटलेलं आहे, आईवडिलांनी शंभरदा सांगितलंय. फक्त तेव्हा मी झोपेत होतो, मला स्वतःला ते ठाऊक असणं शक्यच नव्हतं. ‘माझा जन्म म्हणे भर पावसात झाला’ यातही तेच.

शंका येते ती दुसऱ्या वाटेने. ज्याला स्वतः पाहून सांगता आलं असतं, त्याने ऐकीव खूण वापरली की ऐकणारा विचारतो, हा स्वतःची जबाबदारी का काढून घेतोय? तुमच्या उदाहरणात मुलगा शेजारच्या खोलीत आहे, दार ढकललं की दिसेल. तरी ‘म्हणे’ वापरला, म्हणून अविश्वास ऐकू आला. केतकींच्या बाबतीतही हेच झालं असावं. एका टीममध्ये रोज शेजारी बसणाऱ्या माणसाला खरं काय ते माहीत असणार, असं वाचणाऱ्याने धरलं. तोच मुलगा परगावी शिकत असेल आणि त्याची मावशी म्हणाली, ‘तो म्हणे हल्ली खूप अभ्यास करतोय’, तर ते कौतुक आहे.

केतकी_ब : आम्ही खरंच शेजारी बसायचो. पण हे त्याला कोण समजावणार!

तळटीप : तुर्की शिकवते, म्हणून थोडं. तिथे ‘अहमेत आला’ हे दोन तऱ्हांनी सांगता येतं. ‘गेल्दी’ म्हणजे येताना पाहिलं. ‘गेल्मिश’ म्हणजे पाहिलं नाही, कुणी सांगितलं किंवा दारातला कोट पाहून ताडलं. माझे विद्यार्थी सुरुवातीला सगळीकडे ‘दी’च लावतात आणि ऐकणारा विचारतो, तू तिथे होतास का? गोष्ट सांगतानाही ‘मिश’च लागतो. तुर्की परीकथेची सुरुवात जवळजवळ ‘एक होता म्हणे, एक नव्हता म्हणे’ अशी होते. आपण मात्र ‘आटपाट नगर होतं’ असं ठणकावून सांगतो, जणू बघून आलोय.

म्हणून मला शब्दवेडींचं अर्धंच पटतं. तुर्कीत भूतकाळातली साधी घटना सांगताना या दोनांतून निवड करावीच लागते. मराठीत ‘म्हणे’ गाळला तर कुणी अडवत नाही. जे गाळलं तरी चालतं, त्याला व्याकरणातला वर्ग कसं म्हणायचं? तो एक सोयीचा शब्द आहे, झालं.

आणि ‘मिश’सुद्धा निव्वळ स्रोत सांगत नाही. समोर मुलगी पियानो वाजवतेय, मी स्वतः ऐकतेय, आणि तिच्या वडिलांना म्हणते, ‘तुमची मुलगी किती छान वाजवते!’ तिथेही तुर्की माणूस ‘मिश’ लावतो, कारण ते त्याला अनपेक्षित होतं. स्रोत तर प्रत्यक्ष आहे. मग खूण कशाची?

गवाक्ष : सक्तीचा मुद्दा वजनदार आहे. सक्ती कुठवर जाते ते तुयुकात दिसतं. कोलंबिया-ब्राझील सीमेवरच्या वाउपेस खोऱ्यातली ही भाषा. जॅनेट बार्न्स यांनी 1984 साली तिचं वर्णन छापलं. ‘तो फुटबॉल खेळला’ हे तिथे पाच तऱ्हांनी सांगतात. खेळताना पाहिलं तर ‘दीगा अपेवि’. मैदान दिसलं नाही पण खेळाचा आवाज आला तर ‘अपेति’. मातीत बुटांचे ठसे दिसले तर ‘अपेयि’. कुणी सांगितलं तर ‘अपेयिगि’. आणि तसं समजायला वाव आहे एवढंच असेल तर ‘अपेहीयि’. काहीच न लावता नुसतं ‘खेळला’ म्हणायची सोय नाही. यापुढे मराठी नक्कीच फिकी.

पण सक्ती हीच कसोटी धरली तर केचुआ बाहेर पडते, आणि ती तर या विषयातली ठरलेली उदाहरणं पुरवणारी भाषा. कुस्कोच्या केचुआत ‘-मि’ स्वतःच्या माहितीसाठी आणि ‘-सि’ ऐकीव माहितीसाठी. दोन्ही गाळता येतात. मार्टिना फॅलर यांनी 2002 च्या प्रबंधात या ‘-सि’चा एक वापर नोंदवला आहे. बोलणारी व्यक्ती म्हणते, त्यांनी मला पैसे ठेवले(-सि), पण एक छदामही ठेवलेला नाही. यात स्वतःचंच बोलणं खोडल्यासारखं होत नाही. आता मराठीत म्हणून बघा : ‘त्यांनी म्हणे मला पैसे ठेवलेत, प्रत्यक्षात एक दमडीही नाही.’ चपखल बसतं. ‘म्हणे’ काढून म्हणा, वाक्य स्वतःशीच भांडतं.

हेच वाक्य पारिजातच्या मुद्द्यालाही लागू आहे. ‘म्हणे’सोबत पूर्ण विश्वासही चालतो आणि पूर्ण नकारही. खुणेचा मूळ अर्थ शंका असता तर झोपेत चालण्याचं वाक्य जमलं नसतं.

पियानोच्या वाक्याचं मात्र माझ्याकडे पक्कं उत्तर नाही. आश्चर्य हा वेगळाच वर्ग मानावा, असं स्कॉट डिलान्सी यांनी 1997 मध्ये मांडलं. अनेकांना ते पटलेलं नाही. मीही कुंपणावर आहे.

पारिजात : एक गोष्ट कुणीच घेतली नाही. ‘म्हणे’ वाक्याच्या सुरुवातीला आणून जोर द्या. ‘म्हणे मला वेळ नाही!’ ‘म्हणे आम्ही गरीब!’ यात तुमचं ‘पूर्ण विश्वासही चालतो’ करून दाखवा. नाही चालणार. आणि इथे स्रोतही मोघम नाही, ज्याने ते वाक्य उच्चारलं तो माणूस ठरलेला आहे. त्याचं बोलणं आपण त्याच्याच तोंडावर फेकतोय.

गवाक्ष : हे मी सोडलं होतं, आणि सोडायला नको होतं. बरोबर आहे. ‘तो आजारी आहे म्हणे’ हे साधं निरोपासारखं वाटतं. ‘म्हणे आजारी आहे!’ हा टोमणाच. कदाचित हे दोन ‘म्हणे’ वेगळे धरावे लागतील, एक ऐकीवाची खूण आणि दुसरा कुणाचं तरी वाक्य उचलून नाकारणारा. की एकच आहे आणि जागेमुळे व जोरामुळे अर्थ बदलतो? बोललेल्या वाक्यांच्या नोंदी तपासल्याशिवाय मी यावर पैज लावणार नाही.

केतकी_ब : मी वाक्याच्या मध्ये लिहिला होता, ‘तो म्हणे आजारी आहे’. लेखी मजकुरात जोर कुठे आहे ते दिसत नाही. त्याने तो सुरुवातीसारखा वाचला असणार.

तळटीप : प्रश्नार्थक वाक्यं बघा, तिथे गवाक्षांची बाजू भक्कम होईल. ‘लग्न कधी आहे म्हणे?’ यात ऐकीव माहिती विचारणाऱ्याची नाही. तुझ्या कानावर काय आलंय ते सांग, असा त्याचा अर्थ. केचुआतल्या ‘-सि’लाही प्रश्नात हाच अर्थ येऊ शकतो. नुसता सोयीचा शब्द इतका शिस्तीत वागत नाही, हे मलाही कबूल करावं लागेल. सक्तीबद्दलचं माझं मत मात्र तसंच आहे.

शब्दवेडी : मैत्रिणीला झोपेत चालण्याचं वाक्य ऐकवलं. ती थोडा वेळ गप्प बसली, मग म्हणाली, ‘पण मी हे वाक्य बोलले तर मला थोडी शंका असतेच.’ मग तिला विचारलं, तुझा जन्म कुठे झाला? ‘आजोळी म्हणे,’ असं पटकन म्हणाली. आता यात शंका आहे का, यावर आमचं पुन्हा जुंपलंय.