दिल्ली दरवाजाच्या टेक्स्चरबद्दल

"शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजाचे फोटो थ्रीडी मॉडेलवर चढवले, पण लाइट फिरवला की दरवाजा खोटा दिसतो. हाताने रंगवू का?"

हो, हातानेच रंगवा. फोटोत त्या अणकुचीदार खिळ्यांच्या सावल्याही येतात आणि लाइट कुठेही नेला तरी त्या जागच्या हलत नाहीत. आधी लाकडाच्या रंगाचा फिल लेयर द्या. त्यावर गंजाचा दुसरा लेयर घ्या, रफनेस ०.८ च्या आसपास, मेटॅलिक शून्य, आणि त्याला काळा मास्क लावा. मग खरखरीत ब्रशने, फ्लो कमी ठेवून, प्रत्येक खिळ्याच्या बुडापासून खाली पांढरे ओघळ मास्कवरच ओढा. म्हणजे गंजाची छटा नंतर बदलली तरी ओघळ पुन्हा काढावे लागत नाहीत. शेवटी नुसता बेस कलर चॅनल उघडा. तिथे एका बाजूला पडलेली सावली दिसली तर ती काढाच.