सल्ला हवा : फास्ट फूडच्या बोर्डवरचे आकडे वाचून त्यातल्या त्यात बरं 'मील' कसं निवडायचं?

हिंजवडी_निशा

ऑफिसच्या समोरच फूड कोर्ट आहे आणि टीममधल्या पोरांना बर्गरवाल्याशिवाय दुसरं काही दिसत नाही. दर आठवड्याला तिथे जाणं होतंच, त्यामुळे "जाऊच नकोस" हा सल्ला कृपया नको. 😄 सहाशेच्या आसपास कॅलरीत भागावं आणि चार वाजता पुन्हा बिस्किटांच्या पुड्याकडे हात जाऊ नये, एवढंच मागणं आहे.

बोर्ड उतरवून आणलाय (किलोकॅलरी):
आलू टिक्की बर्गर ३४०, व्हेज बर्गर ४००, अंडा बर्गर २८०, स्पायसी पनीर बर्गर ६५०, स्पायसी चिकन ४५०
फ्राइज : रेग्युलर २२५, मीडियम ३२०, लार्ज ४५०
मक्याचा कप १२०
मीडियम कोला १३०, झिरो कोला ०, लेमन आइस टी ११०, कोल्ड कॉफी ३००

मी सहसा स्पायसी पनीरचं मील घेते, कारण पनीर म्हणजे प्रोटीन. त्याच्यापुढे '९७०–१४००' असं लिहिलंय. हे ९७० की १४००? मी चिकन खात नाही, अंडं चालतं.

खादाड_नाशिककर

एवढा विचार कशाला? कॅलरी सगळी कोल्ड्रिंकमध्ये असते. त्याच्या जागी लेमन आइस टी घ्यायचा, विषय संपला. व्हेज खाताय म्हणजे तसंही हलकंच आहे.

डबेवाली_आई

सकाळी दोन पोळ्या आणि मटकीची उसळ करायला वीस मिनिटं लागतात. बाकी चालू द्या.

एडिसनकर

'९७०–१४००'चं सांगतो, कारण इकडे न्यू जर्सीत असे बोर्ड रोज वाचतो. अमेरिकेत २०१८च्या मे महिन्यापासून २० किंवा अधिक दुकानं असलेल्या साखळ्यांना बोर्डवर कॅलरी लिहाव्याच लागतात. कॉम्बोत निवडीला दोनच पर्याय असतील तर मध्ये तिरकी रेघ देऊन दोन आकडे येतात. तीन किंवा जास्त असतील तर सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त असा पट्टा लिहितात.

लोक पट्ट्यातला डावीकडचा आकडा बघून खूश होतात. पण तो साखर नसलेलं पेय आणि मीलमध्ये मिळणारी सगळ्यात लहान साइड धरून आलेला असतो. काउंटरवर नुसतं "मील द्या" म्हटलं की तसं मिळत नाही. तुमच्या आकड्यांवरून हिशेब लागतोच : ६५० + ३२० + ० = ९७०, आणि ६५० + ४५० + ३०० = १४००. तुम्ही काही न बोलता जे घेता त्यात मीडियम फ्राइज आणि साधा कोला, म्हणजे ११००.

लेबलवाला

एडिसनकरांनी पट्टा छान सोडवून दिला. मी फूड टेक्नॉलॉजीतला. हॉटेलांच्या मेनूवरचे आकडे काढायचं काम बरीच वर्षं केलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आपल्याकडे हा नियम १ जुलै २०२२ पासून लागू आहे. केंद्रीय परवाना असलेल्या किंवा दहा अथवा जास्त ठिकाणी दुकानं असलेल्या साखळीला मेनूवर प्रत्येक पदार्थापुढे किलोकॅलरी आणि सर्व्हिंगचं माप द्यावं लागतं. बोर्डच्या तळाशी बारीक अक्षरात एक ओळ असते : सरासरी सक्रिय प्रौढ माणसाला दिवसाला २००० किलोकॅलरी लागतात, गरज कमीजास्त असू शकते. ही ओळ तुम्ही स्वतःला लावू नका. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२०च्या तक्त्यात बैठं काम करणाऱ्या स्त्रीसाठी १६६० आहेत. म्हणजे तुमचं ११००चं मील दिवसाचा दोन तृतीयांश कोटा एका बैठकीत संपवतं.

आता पनीर. ६५० कॅलरी काही एकट्या पनीरच्या नाहीत. पनीरला पिठाचं आवरण देऊन तळतात, पाव मोठा असतो आणि वर मेयोनेझ. तुमच्याच बोर्डवर स्पायसी चिकन ४५० आणि पनीर ६५० आहे, त्यामुळे 'व्हेज म्हणजे हलकं' हे इथेच खोटं पडतं. शिवाय पोट किती वेळ भरलेलं राहील हे नुसत्या कॅलरीवरून कळत नाही, आणि प्रोटीन बोर्डवर लिहीत नाहीत. ते साखळीच्या वेबसाइटवरच्या पोषण तक्त्यात किंवा काउंटरवर मागितलं तर पत्रकात मिळतं. अशा बर्गरचे आकडे साधारण असे असतात : आलू टिक्की ८–९ ग्रॅम, व्हेज १०, अंडा १२–१३, पनीर २०.

वीस ऐकायला मोठं वाटतं, पण भागाकार करा. पनीर बर्गरमध्ये दर १०० कॅलरीमागे ३ ग्रॅम पडतात आणि अंडा बर्गरमध्ये साडेचारच्या आसपास. मी कुठल्याही बोर्डपुढे हेच बघतो.

मग तुमच्यासाठी, मील न घेता सुटं : दोन अंडा बर्गर आणि पाणी किंवा झिरो कोला. ५६० कॅलरी, २५ ग्रॅम प्रोटीन. दोन जड वाटले तर एक अंडा बर्गर आणि मक्याचा कप, म्हणजे ४०० कॅलरी आणि १५–१६ ग्रॅम. पण त्यावर चार वाजेपर्यंत निभेल का, हे तुम्हालाच ठाऊक.

नाशिककर, पेयाचा मुद्दा अर्धा बरोबर आहे. पेय बदलणं सगळ्यात सोपं, चवीला फारसं काही गमवावं लागत नाही. पण मशीनमधला आइस टी साखरेचाच असतो. कोल्याचे १३० आणि आइस टीचे ११०, म्हणजे वाचल्या वीस!

खादाड_नाशिककर

च्यायला, 'लेमन' बघून मी आजवर सरबताच्या हिशेबाने पीत होतो. पण दोन बर्गर खाऊन कॅलरी कमी हे गणित बायकोला कसं पटवू?

हिंजवडी_निशा

लेबलवाला, हे डोक्यात आलंच नव्हतं. दोन बर्गर मागवायची लाज वाटेल, पण टीम तशीही लार्ज फ्राइज चापत असते. 😄

दोन प्रश्न. फ्राइजसोबत एक मेयोची वाटी येते, ती ११००मध्ये धरलेली आहे का? आणि आकडे कितपत खरे मानायचे?

लेबलवाला

वाटी धरलेली नाही. आपण हाताने वाढून घेतो त्या सॉस-चटण्यांना हा नियम लागू नाही, आणि बाजूला येणारी वाटी शक्यतो वेगळीच मोजतात. मेयोनेझ १०० ग्रॅमला ७०० कॅलरीच्या घरात जातं, त्यामुळे १५ ग्रॅमची वाटी म्हणजे १०० कॅलरी. तेवढ्याच टोमॅटो केचपचे पंधरा-वीस. बर्गर "मेयो न घालता" सांगितलात तर साधारण तेवढ्याच वाचतील, पण मग बोर्डवरचा आकडा तुमच्या बर्गरला लागू होत नाही, कारण तो ठरलेल्या पाककृतीचा असतो.

खरेपणाचं म्हणाल तर आकडा पाककृतीवरून हिशेबाने किंवा प्रयोगशाळेत काढतात. तुमच्या ताटातला बर्गर मात्र कोणी तरी घाईत रचलेला असतो. पॅटी, पाव, चीजची चकती मोजून येतात, तिथे फरक थोडा. फ्राइज आणि सॉस हाताने भरतात, घोळ तिथे जास्त. मीडियमच्या पुडीवर उदार हात पडला तर पन्नासेक कॅलरी अशाच वाढतात. म्हणून ५६० आणि ५८० यांत कीस पाडत बसू नका. ५६० आणि ११०० मधला फरक मात्र खरा आहे.

आबा_सातारा

वाचतोय. मला बीपी आहे, नातवंडं नेतात तेव्हा मीही आलू टिक्की खातो, सगळ्यात कमी तेलाची वाटते म्हणून. ३४० म्हणजे चांगलंच ना?

लेबलवाला

आबा, ३४० कॅलरी आहेत, तेलाचा अंदाज त्यावरून बांधू नका. टिक्की तळलेलीच असते. आणि तुमच्यासाठी महत्त्वाचं मीठ, ते बोर्डवर दिसतच नाही. पत्रकात 'सोडियम'चा रकाना बघा. दिवसाला २००० मिलिग्रॅमच्या आत राहा असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि असा एक बर्गर सहज ५००–७०० नेतो. फ्राइज बिनमिठाच्या मागता येतात, ताज्या तळून देतात, थोडं थांबावं लागतं. बाकी तुमच्या डॉक्टरांना विचारून.

निशाताई, हाच दोन अंडा बर्गरचा तोटा आहे. कॅलरी आणि प्रोटीन जमतं, पण सोडियम १०००–१४००वर जाऊ शकतं. आठवड्यातून एकदा ठीक, रात्री लोणचं-पापड नको.

एडिसनकर

न्यू यॉर्क शहरात एका पदार्थात २३०० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त सोडियम असेल तर साखळीच्या मेनूवर त्यापुढे मिठाच्या डबीचं चित्र छापावं लागतं. पण चित्र नाही म्हणजे मीठ कमी, असं समजणारे आमच्यात पुष्कळ आहेत.

पिझ्झा_प्रेमी

आमच्या गँगला पिझ्झा लागतो. तिथे मीडियमपुढे २०० वगैरे बघितलंय. म्हणजे बर्गरपेक्षा पिझ्झा भारी?

लेबलवाला

सर्व्हिंगचं माप बघितलंत का? तो आकडा बहुतेक एका तुकड्याचा असेल. किती तुकडे खाता त्याने गुणा आणि मग सांगा. 🙂

पिझ्झा_प्रेमी

सांगत नाही.

हिंजवडी_निशा

आज दोन अंडा बर्गर आणि पाणी घेतलं. बिल मीलपेक्षा कमी आलं. काउंटरवरच्या मुलाने दोनदा विचारलं, "मॅडम, थोडे पैसे घालून मील करू का?" भूक साडेपाचला लागली.

आता अडचण गुरुवारची. त्या दिवशी अंडं नाही आणि टीमचा हट्ट नेमका गुरुवारचाच असतो. पनीर सुटं घेऊ का?

लेबलवाला

सुटं पनीर बिन मेयोचं घेतलंत तर साधारण ५५० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रोटीन. सोबत पाणी, दुसरं काही नको. तुमच्या बोर्डवर शाकाहारीत याहून बरं काही दिसत नाही. व्हेज बर्गर आणि मका घेतलात तर ५२० होतात, पण प्रोटीन १४च्या आसपास, त्याने निभणार नाही.

डबेवाली_आई

व्हेज बर्गरच घे आणि टेबलाच्या खणात फुटाणे ठेव. मूठभर, तीसेक ग्रॅम खाल्लेस तरी सहा ग्रॅम प्रोटीन, वर चोथा मिळतो तो वेगळाच. मैद्याच्या पावात तो कुठून येणार?

लेबलवाला

चोथ्याचं मान्य. पण फुटाण्यांच्या ११० धरल्या आणि मका सोडला तरी ५१० कॅलरीत १६ ग्रॅमच होतात. मी पनीरच घेईन.

डबेवाली_आई

तुम्ही घ्या. तिला साडेपाचला पुन्हा भूक लागणारच आहे, तेव्हा खणात काय आहे ते मी बघते.