पाइप वेल्डरला काम कुठून मिळतं?

> "आयटीआयचं सर्टिफिकेट आहे, ॲपवर प्रोफाइल टाकलंय, पण फोन येतात ते ग्रिल-गेटचेच."

ॲपवर घरगुती गिऱ्हाईकच जास्त, त्यामुळे ते येणारच. पाइपचं काम हवं असेल तर शटडाऊन घेणाऱ्या ठेकेदारांचे फोरमन गाठा. रिफायनरी किंवा साखर कारखाना दुरुस्तीसाठी बंद व्हायच्या आधी त्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज फिरतो: '६जी, टिग+आर्क, राहणं-जेवण, टेस्ट साइटवर'.

सगळं त्या टेस्टवर ठरतं. ६जी म्हणजे पाइप ४५ अंशांत पक्का बांधलेला, फिरवायचा नाही. रूट टिगने, वरचे पास आर्कने. रूट झाला की इन्स्पेक्टर आत बॅटरी मारून बघतो. खालच्या बाजूला रूट खोलगट बसला असेल तर बहुतेकदा तिथंच घरी. पुढे एक्स-रे किंवा बेंड टेस्ट. जुना टेस्ट रिपोर्ट ओळख म्हणून चालतो, पण नवा ठेकेदार बहुधा पुन्हा टेस्ट घेतोच. शिवाय एएसएमईच्या नियमाने त्या प्रोसेसने सहा महिने वेल्डिंग केलं नाही तर पात्रता संपते.

निघण्याआधी फोरमनला एवढं विचाराच: नापास झालो तर परतीचं भाडं कोणाचं? आणि टेस्टच्या दिवसाची हजेरी धरणार का?