ग्रॉस नेग्लिजन्स: घोर, गंभीर की ढोबळ?

मेधा_नौपाडा
एका वकीलबाईंचं टिपण मराठीत करतेय, शुक्रवारी द्यायचंय. विषय डॉक्टरांवरचे फौजदारी खटले. त्यात 'ग्रॉस नेग्लिजन्स' पानोपानी आहे. आधीच्या अनुवादकाने सगळीकडे 'ढोबळ निष्काळजीपणा' केलं होतं. अंदाज ढोबळ असतो, मिरची ढोबळी असते, निष्काळजीपणा कसा ढोबळ असेल? म्हणून मी 'गंभीर' केलं. काल बाईंनी तो 'गंभीर'ही लाल शाईने खोडून परत पाठवला, कारण लिहिलेलं नाही. काय चुकलं?

पंत_घोडबंदर
मुळात 'निष्काळजीपणा' हीच ओढूनताणून केलेली जुळणी. 'अनवधान' असा सुटसुटीत शब्द आहे. घोर अनवधान म्हणा, मिटलं.

मेधा_नौपाडा
पंत, अनवधानाने माणूस देवळाबाहेर दुसऱ्याची चप्पल घालून येतो. त्यासाठी कुणी तुरुंगात जात नाही.

खारघरी
शब्दाचं सोडा हो. सुप्रीम कोर्टाने 2005 सालीच सांगितलंय की डॉक्टरवर गुन्हा नोंदवता येत नाही. आणि नव्या न्याय संहितेत तर डॉक्टरांना वगळलंच आहे. मग घोर काय नि गंभीर काय!

चरईचे_वकीलकाका
खारघरी, दोन्ही अर्धी अर्धी खरी. 2005 चा निकाल म्हणजे जेकब मॅथ्यू. गुन्हा नोंदवता येतो. पण पोलिसांनी आधी त्याच शाखेच्या, शक्यतो सरकारी सेवेतल्या डॉक्टरचं निःपक्षपाती मत घ्यायचं, आणि उठसूट अटक करायची नाही, असं त्यात आहे. नव्या संहितेच्या कलम 106 मध्ये बेदरकार वा हयगयीच्या कृतीने मृत्यू झाल्यास 5 वर्षांपर्यंत कैद आहे. नोंदणीकृत डॉक्टरने उपचार करताना तसं घडलं तर 2 वर्षांपर्यंत. याला वगळणं म्हणत नाहीत.

मेधाताई, 'गंभीर' का खोडला ते त्या खटल्याच्या हकिकतीतून कळेल. लुधियाना, फेब्रुवारी 1995. कर्करोग शेवटच्या टप्प्यात असलेला रुग्ण. रात्री अकराच्या सुमारास श्वास लागला. मुलाने बोलावणं धाडलं, वीस-पंचवीस मिनिटं कोणी डॉक्टर फिरकला नाही. मग दोघे आले, ऑक्सिजन लावला, तर सिलिंडर रिकामा. मुलगा शेजारच्या खोलीतून दुसरा घेऊन आला, पण तो चालू करायची सोय नव्हती. त्यात पाच-सात मिनिटं गेली आणि माणूस गेला.

आता याला 'गंभीर' म्हणणार नाही असा कोण आहे? माणूस गेलाय! पण कोर्टाने त्या डॉक्टरांवरचा खटला रद्द केला. म्हणाले, सिलिंडर नसल्याबद्दल रुग्णालयावर दिवाणी जबाबदारी येऊ शकेल, पण तेवढ्यावर या डॉक्टरांना गुन्हेगार म्हणता येणार नाही. भरपाई ठरवताना नुकसान किती झालं ते बघतात. फौजदारीत चूक किती मोठी ते बघतात. 'गंभीर' म्हटलं की वाचणाऱ्याचं लक्ष परिणामाकडे जातं. गंभीर जखमी, गंभीर अपघात. कोर्टाला कृतीचं वजन हवंय, त्या प्रसंगी कुठलाच शहाणासुरता डॉक्टर असं वागला नसता, इतकं. 'घोर' त्याच्या जवळ जातो. माझं मत हं.

ऐरोलीची_सुमा
मी शब्दांवर बोलायला आले नाही, पण राहवत नाही. बाबांच्या पायाला प्लास्टर घातलं. त्याच रात्री ते कण्हायला लागले. पायाची बोटं बाहेर दिसत होती ती आधी पांढरी, मग निळसर. मी तीनदा सांगितलं. तिन्ही वेळा उत्तर एकच: सूज आहे, उतरेल. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी प्लास्टर कापलं. शेवटी दोन बोटं काढावी लागली. सांगा, हे घोर की गंभीर की नुसतं नशीब?

पंत_घोडबंदर
फार वाईट झालं, सुमाताई.

चरईचे_वकीलकाका
सुमाताई, प्लास्टर घट्ट झालं ही चूक कुणाच्याही हातून होऊ शकते, आतली सूज वाढते म्हणून. तेवढ्याला मी स्वतः फौजदारी म्हणणार नाही. पण बोटांचा रंग बदललाय, दुखणं आवरत नाही, हे तीनदा कानावर घालूनही कुणी बोट दाबून पाहिलं का? प्लास्टर उभं कापून सैल करायला काही मिनिटं लागतात. तुमचं प्रकरण उभं राहिलं तर ते त्या न पाहण्यावर राहील, बोटं गेली यावर नाही. परिचारिकेच्या नोंदी पाहा, रात्री किती वाजता काय लिहिलंय. कागदपत्रं लेखी मागा, 72 तासांत द्यावी लागतात.

ऐरोलीची_सुमा
कागद मिळालेत. 'रुग्ण आरामात' असं लिहिलंय रात्री दोन वाजता. आणि मत द्यायला कोणी तयार नाही. तीन अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवलं. तिघांनी तोंडी सांगितलं, उशीर झाला. लिहून द्या म्हटलं की एकालाही वेळ नाही.

वाशीकर_भूलतज्ज्ञ
मी डॉक्टर आहे, शिव्या खायच्या तयारीने लिहितोय. सुमाताईंचं म्हणणं खरं आहे, लिहून द्यायला आम्ही कचरतो. पण दुसरी बाजूही ऐका. रात्री तीनला रक्तदाब कोसळलेल्या बाईला भूल देताना माझ्यासमोर दोन वाटा असतात, दोन्हीत धोका. तिसरी वाट, हात बांधून उभं राहायची. हरलेल्या प्रत्येक डावाला कैद असेल तर मी तिसरीच धरेन, आणि ती बाई नक्की मरेल. कोर्टाने फौजदारीची रेघ वर ओढली ती यासाठी. आम्हाला आवडावं म्हणून नव्हे.

खारघरी
म्हणजे डॉक्टरला शिक्षा होतच नाही. मी तेच म्हणत होतो.

चरईचे_वकीलकाका
होते की. 1965 चा जुग्गनखान खटला वाचा. मध्य प्रदेशातला होमिओपॅथ, नारूच्या रुग्णाला त्याने स्ट्रॅमोनियमचे 24 थेंब आणि धोतऱ्याचं पान दिलं. त्या विषाचा परिणाम काय होईल हे पुरतं न अभ्यासता. सुप्रीम कोर्टाने जुन्या दंडसंहितेच्या कलम 304-अ खाली, म्हणजे हयगयीने मृत्यू घडवल्याबद्दल, दोषी धरलं. लुधियानाशी ताडून पाहा, मग 'घोर' आपोआप कळतो.

मेधा_नौपाडा
काका, पण त्या कलमात 'ग्रॉस' आहे कुठे?

चरईचे_वकीलकाका
नाहीच! नुसतं 'रॅश ऑर नेग्लिजंट'. डॉक्टरांच्या बाबतीत तो शब्द तिथे आहे असं धरून वाचायचं, असं कोर्टाने म्हटलं. म्हणून मूळ कलमाचं भाषांतर करताना 'घोर' घुसडू नका, निकालाच्या भाषांतरात मात्र वगळू नका. टिपणात दोन्ही आलं असेल तर जपून.

पंत_घोडबंदर
आपल्या पोलिसांकडे आयतं आहे ना. 'भरधाव वेगाने, हयगयीने, रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करून.' ठाण्यातल्या प्रत्येक अपघाताच्या फिर्यादीत हेच वाक्य. घोर हयगय!

मेधा_नौपाडा
हयगय म्हटलं की मला आजी आठवते. 'आल्यागेल्याची हयगय होता कामा नये.' कायद्यात तो शब्द फार मवाळ वाटतो.

पंत_घोडबंदर
मवाळ कसा? हय म्हणजे घोडा. घोड्याचं करायला हवं ते न केल्याने घोडा गेला, ती हयगय.

वाशीकर_भूलतज्ज्ञ
पंत, ही व्युत्पत्ती आत्ता केलीत ना?

पंत_घोडबंदर
काल. पण 'बेदरकार'पेक्षा बरी. तो तर सरळ फारसी.

ऐरोलीची_सुमा
काका, तोंडी बोललेल्या तिघांपैकी एक सरकारी रुग्णालयात आहेत. त्यांनाच पोलिसांनी विचारलं तर?

चरईचे_वकीलकाका
कोणाला विचारायचं ते पोलीस ठरवतात, आपण नाही. तक्रारीत रात्री दोनच्या नोंदीची प्रत जोडा आणि तुम्ही कोणाला, किती वाजता सांगितलं ते वेळेसकट लिहा. मत काय येईल ते मी सांगू शकत नाही.

मेधा_नौपाडा
बाईंचा फोन आला होता. 'घोर' त्यांना नाटकी वाटतो, त्या 'ठळक' म्हणतायत.

पंत_घोडबंदर
ठळक?! ठळक बातम्या असतात.