पोरांनी आपल्या कार्डावर गेममध्ये खरेदी केली, पैसे परत मिळाले का? (अनुभव धागा)

मुक्ता_लिहिते
आधी माझं सांगते, मग तुम्ही तुमचं लिहा. लेक नऊ वर्षांचा, माझ्या जुन्या फोनवर गेम खेळतो. त्या फोनवर माझंच गूगल खातं आणि त्याला कार्ड जोडलेलं, कधी जोडलं ते मलाच आठवत नाही. तीन दिवस सुट्टी होती म्हणून रोज संध्याकाळी एक छोटी वस्तू मीच बोट टेकवून घेऊन दिली आणि फोन त्याच्या हातात ठेवून कामाला लागले. सोमवारी सकाळी बँकेचे मेसेज वाचले तर शुक्रवारी 9, शनिवारी 8, रविवारी 6, एकूण 23 वेळा पैसे गेलेले!! आमच्या फोनवर "दर 30 मिनिटांनी पासवर्ड विचारा" असं सेटिंग होतं, म्हणजे मी एकदा बोट लावलं की पुढचा अर्धा तास दुकान उघडंच. त्याला खरंच वाटलं की हिरे जिंकलेत.

त्यातले 3 माझे, ते सोडून दिले. उरले 20. play.google.com वर ऑर्डर हिस्टरी उघडली, प्रत्येक ऑर्डरखाली तक्रार करायची सोय असते, एक एक करून भरली, सगळ्या एकदम जात नाहीत. कारण विचारतात तिथे "कुटुंबातल्या कोणीतरी परवानगीशिवाय घेतलं" अशा अर्थाचा पर्याय निवडला. शनिवार-रविवारच्या 12 ऑर्डर 48 तासांच्या आतल्या होत्या, त्यांचं दुसऱ्या दिवशी मंजूर झाल्याचं मेल आलं. शुक्रवारच्या 8 बाहेर पडल्या. ती कहाणी खाली लिहिते, आधी तुमचं येऊ दे.

बेधडक
एवढा कुटाणा कशाला, बँकेला फोन करून सांगायचं व्यवहार मी केलेला नाही, संपलं. मी एका ऑनलाइन ऑर्डरचे असेच परत घेतलेत.

जुना_कोडर
बेधडकराव, ऑर्डर आलीच नाही ती गोष्ट वेगळी. इथे फोन त्यांचा, खातं त्यांचं, बोटही त्यांचंच. बँक चौकशी करते तेव्हा स्टोअर हेच पुरावे पुढे करतं, आणि घरातल्या मुलाने कार्ड वापरलं तर बँका बऱ्याचदा त्याला फ्रॉड धरत नाहीत. वर "मी केलं नाही" असं लिहून दिलेलं असतं ते अंगाशी येतं. अजून एक, स्टोअरशी न बोलता थेट बँकेतून पैसे ओढले तर स्टोअर खातं अडवू शकतं, मग त्यातले फोटो, मेल सगळंच लटकतं. बँक शेवटी.

मी काही वर्षं गेमच्या पेमेंटचं काम केलंय म्हणून एक आतली गोष्ट. सफरचंदवाल्यांकडे हिऱ्या-नाण्यांसारख्या वापरून संपणाऱ्या वस्तूचा रिफंड मागितला की स्टोअर गेमवाल्याला विचारू शकतं की ती वापरली का, किती वापरली, या खात्याला आधी किती रिफंड मिळालेत. गेमवाल्याने 12 तासांत उत्तर द्यायचं असतं. म्हणून कळल्याक्षणी गेम बंद. अर्ज टाकून पोरगं संध्याकाळी परत तेच हिरे उडवत बसलं तर ते आमच्या लॉगमध्ये स्वच्छ दिसायचं, आणि मग "आम्हाला माहीतच नव्हतं" यावर कोण विश्वास ठेवणार.

रेवती_ताई
माझं आयफोनवालं. reportaproblem.apple.com वर लॉगिन करून रिफंड मागायचा, कारणांमध्ये लहान मुलाने परवानगीशिवाय घेतलं असं येतं. पहिल्या दिवशी मला ऑर्डरच निवडता येईना, अर्धा दिवस डोकं आपटलं, नंतर कळलं की पैसे अजून पेंडिंग आहेत तोवर अर्ज घेत नाहीत. दोन दिवसांनी आपोआप घेतला. फॅमिली शेअरिंग असेल तर यादीत वर आपलंच नाव निवडलेलं असतं, तिथे सगळे निवडा, नाहीतर मुलीची खरेदी दिसणारच नाही. मंजुरी दोन दिवसांत आली, कार्डावर दिसायला बरेच दिवस गेले, मी रोज बँकेचं ॲप उघडून बसायचे.

पिंपळपान
माझ्याकडून पण पैसे गेले पण मूल नाही हो, मी एकटाच राहतो. कोणीतरी अनोळखीने माझ्या खात्यातून घेतलं. मी पण कुटुंबातल्या व्यक्तीचा पर्याय निवडू का?

जुना_कोडर
नाही, उलटं होईल. ओळखीच्याने केलं असेल तर मुक्ताताईंनी केलं ते, अनोळखीने केलं असेल तर गूगलचा अनधिकृत व्यवहाराचा वेगळा फॉर्म आहे, त्याला व्यवहारापासून 120 दिवस मिळतात. लोक इथेच चुकतात, जास्त दिवस मिळतात म्हणून मुलाच्या खरेदीला तो फॉर्म भरतात आणि नाकारला जातो. तुम्ही आधी पासवर्ड बदला.

आळसोबा
मला तर ऑर्डर हिस्टरीत काहीच दिसत नाहीये. रिकामं पान. बँकेत मात्र पैसे गेलेत.

मुक्ता_लिहिते
फोनवर दुसरं खातं आहे का बघा, माझ्या बहिणीचं हेच झालं होतं. नवऱ्याचं जुनं खातं फोनवर पडून होतं आणि गेम त्याच्यातून चालू होता. मेलमध्ये GPA. ने सुरू होणारा नंबर शोधा, पावती ज्या मेलवर आली तेच खातं.

आळसोबा
सापडलं! ऑफिसचं खातं निघालं, आता हे कुणाला सांगू :(

मुक्ता_लिहिते
हं, तर शुक्रवारच्या 8. मुदत गेली म्हणजे सगळं गेलं असं मला वाटलं होतं, तसं नाही, पुढे गेमवाल्याकडे जायचं असतं, तो स्वतः रिफंड देऊ शकतो. गेमच्या पानावर त्यांचा मेल असतो. पहिल्या पत्रात मी रडगाणं गायलं, आठ ओळींचं, उत्तर आलं छापील. दुसऱ्या पत्रात एवढंच लिहिलं की हे 8 GPA. नंबर, ही तारीख, हा गेममधला खेळाडू क्रमांक, मूल नऊ वर्षांचं, उरलेले हिरे काढून घ्या. पाचांचे पैसे आले. तीन ऑर्डरचे हिरे त्याने खर्चून टाकलेत म्हणे, त्यावर अजून भांडतेय.

कोपऱ्यातला_बाबा
आमच्याकडे रिफंड मिळाला पण गेममध्ये पोराचे हिरे उणे झाले, शून्याच्या खाली, आता जे जिंकतो ते भरपाईत जातं. तो दोन दिवस जेवला नाही नीट. मी काय करायला हवं होतं कळत नाही. आणि ॲप काढून टाकलं म्हणून मी निर्धास्त होतो तर महिन्याने परत पैसे कटले, त्याने एक सबस्क्रिप्शन पण घेतलेलं, ॲप डिलीट केल्याने ते बंद होत नाही, स्टोअरमध्ये जाऊन वेगळं रद्द करावं लागतं.

बेधडक
उणे हिरे, कमाल आहे. पण खरं सांगा, ॲप डिलीट करूनही चालू राहतं हे माहीत असलेलं कोणी आहे का इथे? मी आत्ता माझी यादी उघडली, दोन निघाली.

रेवती_ताई
मी आता दरवेळी पासवर्ड लावलाय, 15 मिनिटांची सूट वगैरे काही नाही. आणि मुलीच्या फोनवर स्क्रीन टाइममधून गेममधली खरेदीच बंद. ती म्हणते मैत्रिणींच्या आया असं करत नाहीत.

मुक्ता_लिहिते
तीनपैकी एकाचं उत्तर आलं आत्ता. पैसे नाही, "सदिच्छा म्हणून" 200 हिरे. आता ते मी कुणाला देऊ?