अर्जाची प्रत हातात आली म्हणून छापायची का?

लातूरचा वार्ताहर: आमच्या जिल्ह्यातल्या एका मालिका-नटाच्या घटस्फोटाचा अर्ज पुण्याच्या कौटुंबिक न्यायालयात दाखल झालाय. अर्जाच्या पानांचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर आलेत. बायकोने मारहाणीचे आरोप केलेत, मुलीचा आजार आणि शाळाही लिहिली आहे. डेस्क म्हणतंय, आजच लावा. लावावी का?

नांदेडचा विधी-विद्यार्थी: बिनधास्त लावा. १९९४ च्या राजगोपाल निकालात सुप्रीम कोर्टानं सांगितलंय, न्यायालयीन नोंदीवर आधारलेल्या मजकुराला खासगीपणाची आडकाठी नाही.

बीडची वाचक: माझी बहीण कुणी नटी नाही. तरी तिचं भांडण गावाच्या नावासकट छापून आलं होतं. भाचा कितीतरी दिवस शाळेत जाईना. हे बंद व्हायलाच पाहिजे.

परभणीचा निवृत्त उपसंपादक: राजगोपाल बरोबर, पण अर्धाच. लग्न हिंदू विवाह कायद्याखालचं असेल तर कलम २२ वाचा. सुनावणी बंद दाराआड होते आणि तिच्याबद्दलचा कुठलाही मजकूर छापायला मनाई आहे. सूट फक्त उच्च किंवा सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाला, तीही कोर्टाची परवानगी घेऊन. दंड जेमतेम हजार रुपये, म्हणून कुणी मनावर घेत नाही. अर्जातले आरोप अजून कुणी तपासलेले नाहीत, ती एका बाजूची बाजू आहे. मुलीचं नाव, आजार, शाळा यातलं काहीच नको. २०२३ साली दिल्ली उच्च न्यायालयानं एका बड्या नटाच्या घरातल्या शाळकरी मुलीच्या तब्येतीबद्दलचे खोटे व्हिडिओ काढायला लावले होते. मूल कुणाचंही असो, मान सारखाच, असं कोर्टाचं म्हणणं होतं.

जालन्याचा पत्रकार: दादा, हाच नट मुलीला मांडीवर घेऊन दुधाच्या पावडरीची जाहिरात करतो. तेव्हा कुठं होता खासगीपणा?

परभणीचा निवृत्त उपसंपादक: त्यानं जेवढं दाखवलं तेवढ्यावर लिहा. जाहिरात बापानं केली. आजाराचे कागद बाहेर काढायला त्या पोरीनं कुणाला सांगितलं नाही.

जालन्याचा पत्रकार: आणि मारहाण? तो महिला सुरक्षेच्या सरकारी मोहिमेचा चेहरा आहे. लोकांच्या पैशातून त्याला मान मिळतोय.

परभणीचा निवृत्त उपसंपादक: हा मुद्दा खरा आहे. बाईंनी पोलिसात तक्रार दिली असेल तर गुन्हा कुठल्या ठाण्यात, कुठल्या कलमाखाली, ते बघा. त्याची बाजू विचारा आणि छापा. मोहिमेच्या खात्यालाही विचारा, चेहरा ठेवणार का. ही बातमी घटस्फोटाच्या अर्जाशिवाय उभी राहते.

बीडची वाचक: आणि बाईंनाच ते बाहेर यायला नको असेल तर?

परभणीचा निवृत्त उपसंपादक: तर मी थांबलो असतो. गुन्हा नोंद असता तरी.

जालन्याचा पत्रकार: मी नसतो थांबलो. असे नट त्याच शांततेवर मोठे होतात.

लातूरचा वार्ताहर: अर्जाची पानं डेस्कला पाठवली नाहीत. गुन्हा नोंदलाय का ते विचारायला पुण्याच्या सहकाऱ्याला फोन केलाय, बाईंच्या वकिलांनाही निरोप ठेवलाय. संपादक चिडलेत.