पगार खात्यावर किमान शिल्लक दंड: बँकेचा अर्धवट परतावा घ्यावा का?

पगारदार_पिंपरी: कंपनी तीच, पगारही दर महिन्याला जमा होतोय. तरी लागोपाठ तीन महिने किमान शिल्लक नाही म्हणून ३५४ रुपये कापले, एकूण १,०६२. शाखेत म्हणतात, 'खास बाब म्हणून एका महिन्याचे परत करू, विनंती अर्ज द्या.' घेऊन विषय संपवू का?

सडेतोड: अजिबात नाही! पगार खात्याला दंड लावताच येत नाही. थेट रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा.

निवृत्त_कॅशियर: थेट गेलात तर तक्रार परत येईल. आधी बँकेकडे लेखी तक्रार हवी, तिला ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर cms.rbi.org.in वर जाता येतं. त्याआधी पासबुक बघा. पूर्वी पगाराच्या नोंदीत SAL असं काही येत होतं आणि आता नुसतं NEFT दिसतंय का? कंपनीने पगाराची बँक बदलली की असं होतं. पैसे येतात, पण सिस्टीम त्यांना पगार मानत नाही आणि काही महिन्यांनी खातं साध्या बचत खात्यात जातं.

पगारदार_पिंपरी: हो, फेब्रुवारीपासून NEFT आहे!

हिशेबी: मग चूक कंपनीची. पगार खात्याच्या अटी बँकेशी झालेल्या करारावर असतात, तो मोडला तर बँकेने फुकट सेवा का द्यावी? मिळतात ते ३५४ घ्या.

निवृत्त_कॅशियर: इथे मी ठामपणे असहमत आहे. रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०१४ मध्ये घातलेल्या नियमानुसार शिल्लक कमी पडल्यावर आधी ग्राहकाला कळवायचं, भरायला किमान एक महिना द्यायचा, मगच दंड. शिवाय दंड तुटीच्या प्रमाणात हवा. पाचशेची तूट असो वा पाच हजारांची, सरसकट ३०० अधिक १८ टक्के जीएसटी लावला असेल तर तोही मुद्दा आहे. म्हणून 'विनंती' शब्द टाळा. खातं कोणत्या तारखेला बदललं आणि सूचना कधी, कोणत्या नंबरवर पाठवली, हे लेखी विचारा. पगाराच्या स्लिपा जोडा. जीएसटीसह परतावा मागा आणि खातं पुन्हा पगार खात्यात टाकायला सांगा, नाहीतर पुढच्या महिन्यात परत कापतील.

मुलुंडची_मीनल: मी नोकरी सोडल्यावर माझेही कापले होते. मलाही मिळतील का?

निवृत्त_कॅशियर: तुमचा पगारच थांबला होता, त्यामुळे खातं बदलणं चूक नाही. सूचना आली होती का, एवढंच तपासा.

हिशेबी: सूचनेचा एसएमएस गेला असेल तर? पहिल्या महिन्याचा दंड चूक मानतो, पण पुढच्या दोन महिन्यांचा बँक सोडणार नाही.

निवृत्त_कॅशियर: एसएमएस निघाला तर पुढच्या दोन महिन्यांची बाजू कमजोर होते, हे खरं. पण त्याची नोंद बँकेने दाखवावी.

पगारदार_पिंपरी: फेब्रुवारीनंतरचे सगळे एसएमएस चाळले, तसा एकही नाही. पण मधे नंबर बदलला होता, बँकेत जुनाच असेल तर माहीत नाही. उद्या ईमेलवर तक्रार टाकतो, ३५४ चा अर्ज देत नाही.